काळी शाई तशीच, रंगीत टाक्या तळाला: दोष रिझोल्यूशनचा की कागदाच्या सेटिंगचा?

राजारामपुरी_क्लास

नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीचा क्लास घेते. घरी शाईच्या टाक्यांचा प्रिंटर आहे: काळी टाकी मोठी, निळी, गुलाबी आणि पिवळी लहान. त्यावरचं बहुतेक काम प्रश्नपत्रिका आणि नोट्सचं, म्हणजे साध्या ए-फोर कागदावर काळी अक्षरं. कधीतरी घरच्यांचे चार बाय सहाचे फोटो निघतात, तेवढंच.

तरी काळी टाकी अर्ध्याच्या वर आहे आणि तिन्ही रंग खालच्या रेषेला टेकलेत. तिन्ही जवळपास सारखेच उतरलेत. प्रश्नपत्रिकेत रंग नावाला नसताना हे होतंच कसं? शिवाय हल्ली प्रिंट यायला फार वेळ लागतो, आणि पानाला हात लावला तर ओलसर लागतं.

ओळखीतल्या एकांनी सांगितलं की रिझोल्यूशन जास्त असेल, 300 करा. पण मला सेटिंगमध्ये आकडा कुठेच दिसत नाही, फक्त `High`, `Standard`, `Draft` दिसतं. आणि ते कमी केलं तर फोटो खराब येतील का? दोन्ही कामांसाठी वेगवेगळं काय ठेवायचं, कुणी सांगेल का?

आयटी_उचगाव

ताई, सोपं आहे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. जास्त ठिपके म्हणजे जास्त शाई. `High` वर ठेवलं असणार, `Draft` करा, शाई वाचेल. आमच्या ऑफिसात सगळ्यांना `Draft` सक्तीचं आहे.

पेठेतला_गडी

तांबडा संपला आणि काळा तेवढा उरला म्हणा की ताई. कोल्हापुरात ह्ये चालायचं न्हाई.

निवृत्त_बँकवाले

माझाही अनुभव असाच. सोसायटीच्या अहवालाची मुखपृष्ठं मी जाड कार्डावर छापतो. साधा कागद निवडला तर अक्षरं नखानं खरवडली की सुटतात, पावडर हातावर येते. सेटिंगमध्ये जाड कागद निवडला की पक्कं बसतं. तेव्हा कागदाची सेटिंग बघा, असं माझं मत.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

काका, तुमचा लेझर प्रिंटर आहे. त्यात टोनरची पावडर असते आणि ती गरम रोलरनं वितळवून कागदावर दाबतात. जाड कागद निवडला की मशीन जास्त उष्णता देतं किंवा कागद हळू सोडतं, म्हणून पावडर धरते. ताईंचा प्रिंटर शाईचा आहे, तिथं कागदावर गरम रोलर फिरवणं हा प्रकार नाही. पण कागदाकडे बोट दाखवलंत ते बरोबर.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन खुणा आहेत. तिन्ही रंग सारखेच उतरलेत. प्रिंट सावकाश येते. पान ओलं लागतं. या तिन्ही एकत्र आल्या की मी दुकानात आधी एकच गोष्ट बघतो: कागदाच्या प्रकारात काय निवडलंय. माझा अंदाज, तिथं फोटो पेपर राहिलाय.

कारण सांगतो. कॅननच्या जी मालिकेत किंवा एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि तीन रंग डायचे, म्हणजे पाण्यात विरघळलेले. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारी बारीक पूड. ती साध्या कागदावर वरच्यावर बसते, म्हणून अक्षर गडद आणि रेखीव येतं. पण चकचकीत फोटो पेपरच्या लेपात ती पूड मुरत नाही. वरच राहते आणि बोट लागलं की फरफटते. हे प्रिंटर बनवणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून तुम्ही फोटो पेपर निवडला की ड्रायव्हर काळी टाकी बाजूलाच ठेवतो आणि काळा रंग निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून बनवतो.

प्रिंटरला ट्रेमध्ये खरा कागद कुठला आहे हे दिसत नाही. तुम्ही सांगाल ते त्याला खरं. साधा कागद घालून फोटो पेपर सांगितलंत की तुमच्या प्रश्नपत्रिकेचं प्रत्येक अक्षर तीन रंगांतून बनतं. वर फोटो पेपर जास्त शाई पितो या हिशेबानं शाईही जास्त सोडली जाते. म्हणून पान ओलं.

खात्री करायला दोन गोष्टी करा. एक, छापलेलं अक्षर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पूर्ण मोठं करून बघा. कडेला निळसर किंवा गुलाबी झाक दिसली तर ते मिसळून केलेलं काळं. दोन, पान पूर्ण वाळू द्या आणि ओलं बोट अक्षरावर फिरवा. पिगमेंट जागचं फारसं हलत नाही. डाय असेल तर जांभळट ओघळ येईल.

आयटी_उचगाव

पण मग रिझोल्यूशनचा काहीच संबंध नाही म्हणताय? `High` वर शाई जास्त जाते हे मी स्वतः बघितलंय.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

संबंध आहे, पण तुम्ही म्हणता तसा सरळ नाही. `Standard` वरून `High` वर गेलं की शाई सोडणारं हेड त्याच जागेवरून जास्त वेळा फिरतं आणि थेंब जास्त बारकाईनं पसरले जातात. पण फोटोतलं निळं आभाळ जितकं गडद हवं तितकंच हवं. तेवढ्या गडदपणाला शाई साधारण तेवढीच लागते, मग ती मोठ्या थेंबांत द्या नाहीतर बारीक. थोडी वाढते, दुप्पट होत नाही. वेळ मात्र चांगलाच वाढतो.

`Draft` ची गोष्ट निराळी. तिथं मुद्दाम फिकं छापतात, म्हणून शाई खरंच वाचते. तुमच्या ऑफिसात ते चालत असेल. पण ताईंच्या प्रिंटरला फोटो पेपर सांगितलेला असेल तर नुसती क्वालिटी कमी करून काळी टाकी वापरात येणार नाही. गळती दुसरीकडेच राहील.

शाहूपुरी_मानसी

माझ्याकडे कागद साधाच निवडलेला आहे, मी तपासला, तरी रंग जातो. मी फक्त जुन्या प्रश्नपत्रिका छापते. मोबाइलनं स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफ आहेत.

महाद्वार_स्टुडिओ

मानसीताई, तुमचं कारण वेगळं. मोबाइलनं काढलेलं पान म्हणजे शेवटी रंगीत फोटो. त्यातलं अक्षर डोळ्याला काळं दिसतं, पण फाइलमध्ये ते गडद तपकिरी किंवा निळसर असतं. आणि पांढरा कागद तर पिवळट राखाडी असतो. प्रिंटर इमानदारीनं ते सगळं रंगात छापतो, मागच्या पिवळट छटेसकट. मोठं पान असेल तर ती छटाच अक्षरांपेक्षा जास्त शाई खाते.

तुम्ही `Grayscale Printing` वर खूण करा. साधा कागद आणि ग्रेस्केल असलं की काम बहुतांशी काळ्या टाकीवर जातं. त्याहून चांगलं म्हणजे स्कॅन करतानाच अॅपमध्ये काळं-पांढरं निवडा, म्हणजे मागची छटाच जाईल.

आयटी_उचगाव

बघा, मग माझं तेच म्हणणं. ग्रेस्केल केलं की रंग जातच नाही. ताईंनीही ग्रेस्केल करावं, विषय संपला.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

साध्या कागदावर बरोबर आहे तुमचं. फोटो पेपर निवडलेला असेल तर मात्र ग्रेस्केल करूनही राखाडी छटा त्या तीन रंगांतूनच बनतात, कारण काळी टाकी तिथं वापरायचीच नाही असं ठरलेलं आहे. एचपीच्या ड्रायव्हरमध्ये तर ग्रेस्केलचे दोन प्रकार दिसतात, `High Quality Grayscale` आणि `Black Ink Only`. पहिल्यात रंग वापरले जातात. म्हणून आधी कागद, मग ग्रेस्केल. क्रम उलटा केला की माणूस म्हणतो सगळं करून बघितलं, फरक पडत नाही.

राजारामपुरी_क्लास

दादा, अगदी तसंच निघालं! ओलं बोट फिरवलं तर अक्षराला जांभळी शेपटी आली. सेटिंग उघडली तर `Media Type` मध्ये `Photo Paper Plus Glossy II`. भाच्यानं अकरावीच्या प्रवेशासाठी पासपोर्ट फोटो काढले होते, तेव्हापासून तसंच असावं. पण एक कळत नाही. मी वर्डमधून दरवेळी नव्यानं प्रिंट देते, मग त्याची सेटिंग माझ्या कामाला कशी लागली? एकदा फोटो छापून झाल्यावर आपोआप परत जायला हवी ना?

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

कॅननच्या ड्रायव्हरमध्ये `Quick Setup` टॅबवर खाली `Always Print with Current Settings` अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण राहिली की आत्ताची सेटिंग पुढच्या प्रत्येक कामाला लागू. तुमच्याकडे ती असेल.

तुम्ही असं करा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या चित्रावर राइट क्लिक करून `Printing preferences` उघडा. वर्डच्या प्रिंट खिडकीतून नको, तिथला बदल बहुधा त्या वेळेपुरताच राहतो. मग `Media Type` ला `Plain Paper`, क्वालिटी `Standard`. सोबत ग्रेस्केलवर खूण ठेवलीत तरी चालेल. आता हीच तुमची कायमची सेटिंग. ही जुळवून झाली की `Always Print with Current Settings` वर खूण राहू द्या, कारण आता ती तुमच्या फायद्याची.

फोटोसाठी दुसरी सेटिंग जुळवा: ट्रेमधल्या कागदाला जवळचा प्रकार आणि चार बाय सहाचा आकार. ती `Save...` नं नाव देऊन `Commonly Used Settings` मध्ये ठेवा. भाच्याला सांगा, फोटो काढायचे तर ती यादीतून उचलायची आणि झालं की पुन्हा साधी निवडायची.

मोबाइलवरून प्रिंट देत असाल तर तिथल्या अॅपची कागदाची सेटिंग स्वतंत्र असते. संगणकावर बदलून ती बदलत नाही. तीही उघडून बघा.

राजारामपुरी_क्लास

हो, खूण होतीच. बदलली. आता प्रिंट भराभर येते आणि पान कोरडं. अक्षरही जास्त काळं दिसतंय, मी उगाच समजत होते की फोटोची सेटिंग म्हणजे सगळ्यात चांगली.

टाक्यांवर आतल्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवली आहे. महिनाभरानं सांगते.

पेठेतला_गडी

ताई, `Draft` वर का न्हाई टाकत मग? आजून वाचंल की.

राजारामपुरी_क्लास

भाऊ, मी एकच प्रत छापते आणि बाकीच्या कोपऱ्यावरून झेरॉक्स करून आणते. `Draft` ची प्रत फिकी असते. झेरॉक्समध्ये वेलांट्या आणि अनुस्वार उडतात. गणितात दशांश चिन्ह उडालं तर पोरांचं उत्तरच चुकतं. स्वतःला वाचायच्या नोट्स असतील तर `Draft` करीन.

महाद्वार_स्टुडिओ

आता फोटोच्या प्रश्नाकडे येऊ, तो मागं पडला.

प्रिंटरच्या खोक्यावर 4800 बाय 1200 असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात फोटोही तेवढ्या रिझोल्यूशनचा हवा. ते ठिपके आहेत, फोटोचे पिक्सेल नाहीत. चार शाया असलेल्या प्रिंटरला त्वचेचा एक रंग दाखवायला कितीतरी बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकावे लागतात. म्हणून एका पिक्सेलला पुष्कळ ठिपके लागतात. फोटोच्या बाजूनं बघायचं तर एका इंचात 300 पिक्सेल भरपूर झाले. चार बाय सहाला 1200 बाय 1800 पिक्सेल.

घरगुती फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा इथं. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो साधारण 1600 पिक्सेल लांबीचा असतो. चार बाय सहावर तो इंचाला 266 पडतो, छान येतो. तोच ए-फोरवर ताणला की इंचाला जेमतेम 137. मग प्रिंटर `High` वर ठेवा नाहीतर आणखी कशावर, चेहरा मऊच येणार. जे फाइलमध्ये नाही ते ठिपके वाढवून येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं तुमचा प्रिंटर हलका आहे. मी म्हणतो, फोनमधला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पासपोर्टचंही सांगतो. 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या आडव्या कागदावर बसतात. पण प्रिंटच्या खिडकीत कागदाचा आकार ए-फोर राहिला तर मापं बिघडतात, तेवढं बघा.

शाहूपुरी_मानसी

मी उलटं केलं होतं. चकचकीत कागद घातला आणि सेटिंग साधीच राहिली. फोटो फिकट, आडव्या रेषा रेषा, आणि केसांच्या जागी बोट लावलं तर काळं पसरलं. दोन दिवसांनीही पसरत होतं. त्याचं कारण आत्ता कळलं, ती काळी पिगमेंट होती.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

अगदी बरोबर. साधा कागद सांगितला म्हणून शाई कमी सोडली, त्यामुळे फिकट. हेडही लगबगीनं फिरलं, त्यामुळे रेषा. आणि पिगमेंट वर बसलं, त्यामुळे डाग. दुकानात असे फोटो घेऊन लोक हेड खराब झालं म्हणून येतात. मी आधी साध्या कागदावर नोझल चेक मारतो, म्हणजे हेडच्या छिद्रांची चाचणी नक्षी छापतो. तो अखंड आला तर हेडला हात लावत नाही. विनाकारण क्लीनिंग मारत बसलं तर शाई वाया जाते आणि ती आतल्या स्पंजमध्ये जाऊन साचते. तो स्पंज भरला की नवाच खर्च.

आयटी_उचगाव

क्लीनिंगचा मुद्दा मान्य. मग ताईंच्या टाक्या क्लीनिंगनंच उतरल्या नसतील कशावरून?

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

काही वाटा त्याचाही असेल, नाही म्हणत नाही. पण सगळ्या रंगांचं क्लीनिंग मारलं तर काळीही उतरते. इथं काळी जागेवर आणि तिन्ही रंग बरोबरीनं खाली. ओलं बोटही तेच सांगतंय.

निवृत्त_बँकवाले

मग हा चकचकीत फोटो पेपर माझ्या लेझरमध्ये चालेल का? नातीचे फोटो काढायचे आहेत.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

काका, अजिबात घालू नका! त्या कागदावरचा लेप गरम रोलरला चिकटतो आणि रोलर जातो. लेझरसाठीचा ग्लॉसी कागद वेगळा मिळतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. फोटो स्टुडिओतून काढून घ्या, स्वस्त पडेल.

पेठेतला_गडी

माझा बी एक प्रश्न हाय. खासबागच्या कुस्तीचं फोटू 180 जीएसएमच्या स्वस्त ग्लॉसी कागदावर मारतो. पाकिटावर कंपनीचं नाव बी धड न्हाई. सेटिंग `Photo Paper Plus Glossy II` ठेवली की काळी चड्डी आन् लाल माती एकमेकांत मिसळत्यात, वरनं शाईचं थेंब साठत्यात. मग निवडायचं काय?

महाद्वार_स्टुडिओ

ती सेटिंग कंपनीच्या स्वतःच्या चांगल्या कागदासाठी मोजून केलेली असते. तुमच्या कागदाचा लेप तेवढी शाई ओढू शकत नाही, म्हणून वर तळी साचतात. मी अशा कागदाला `Matte Photo Paper` निवडतो. शाई आवरती सुटते.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

मला ते पटत नाही. मॅटवर चमक आणि गडदपणा दोन्ही मार खातात, कुस्तीच्या फोटोत लाल माती विटकरी दिसते. मी `Glossy Photo Paper` ठेवतो आणि रंगांच्या सेटिंगमध्ये `Intensity` थोडी खाली आणतो. शिवाय कागदाची बरोबर बाजू वर आहे का तेही बघा. ओलसर बोटाचं टोक कोपऱ्याला लावा, ज्या बाजूला चिकटल्यासारखं होतं ती लेपाची.

महाद्वार_स्टुडिओ

`Intensity` खाली आणली की सावल्याही फिक्या होतात, अंधारातले तपशील उथळ दिसतात. माझ्याकडे मॅटनंच बरं येतं. कागदाच्या लॉटवरही आहे.

शाहूपुरी_मानसी

पावसाळ्यात मात्र माझ्याकडे चांगला कागदसुद्धा बिघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की घरातल्या रिमची पानं कडेनं वळलेली. त्यावर सेटिंग बरोबर असूनही अक्षरं फुटतात.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

दमट कागदात शाई धाग्याधाग्यानं पसरते, त्याला सेटिंगचा इलाज नाही. ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद ठेवा, उरलेला रिमच्या वेष्टनातच, तोंड बंद करून. फोटो पेपर तर झिपच्या पिशवीत. आणि फोटो निघाले की लगेच एकावर एक ठेवू नका.

राजारामपुरी_क्लास

मंडळी, महिना झाला म्हणून आले. सहामाहीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या. काळी टाकी पट्टीच्या बरीच खाली, रंग जवळपास पट्टीलाच. मधे भाच्यानं फोटोही काढले, यादीतली सेटिंग वापरून.

आता नवा प्रश्न. विज्ञानाच्या नोट्समध्ये हृदयाची रंगीत आकृती आहे, बाकी सगळा काळा मजकूर. साध्या कागदावर `Standard` मध्ये लाल रंग मळकट येतो. `High` करून बघू की कागद बदलू?

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती

ताई, तेवढ्या पानापुरती ग्रेस्केलची खूण काढा, `Plain Paper` वर `High` करून बघा. रेषा सुधारतील, रंग फारसा उजळणार नाही, कारण साधा कागद शाई आत ओढून घेतो. उजळ लाल हवाच असेल तर आकृतीचं पान वेगळं करून ते इंकजेटच्या मॅट कागदावर, मॅट सेटिंगनं. त्या एका पानाला रंगाची शाई जास्त जाईल, ती जाऊ दे.

पेठेतला_गडी

मॅट सेटिंग करून बघितली. चड्डी आन् माती येगळी झाली, पर लाल खरंच मवाळ आला. `Intensity` वाला प्रकार रविवारी बघतो, मग दोन्ही फोटू हितं टाकतो.